तीनास दोन की सहास पाच? ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसण्याआधी नियम वाचायची रीत

मी नौपाड्यात संख्याशास्त्राच्या शिकवण्या घेते. दर हिवाळ्यात आमच्या सोसायटीतली पोरं रात्रीची कोकणकन्या पकडून ठाण्याहून गोव्याला जातात, आणि परत आली की हिशेब घेऊन माझ्याकडे येतात. मागच्या खेपेला शेजारचा मुलगा म्हणाला, "मावशी, या वेळी मस्त टेबल मिळालं. नेहमी ब्लॅकजॅक लागला की तीनास दोन देतात, इथे सहास पाच देत होते. आकडे मोठे, पैसे जास्त!"

त्याला कागदावर दहा रुपयांचा हिशेब करून दाखवला तेव्हा तो गप्प झाला. हीच चूक मी इतक्या जणांकडून ऐकली आहे, की एकदा सगळं क्रमाने लिहून काढायचं ठरवलं. ब्लॅकजॅक कसा खेळतात हे तुम्हाला येतं असं धरून चालते. पत्ते हातात यायच्या आधी टेबलाची किंमत कशी काढायची, तेवढंच इथे सांगते.

## तयारी: घरून निघण्याआधी

पहिली गोष्ट कायद्याची. महाराष्ट्रात कॅसिनो नाही. १९७६चा कॅसिनो कायदा कागदावर होता, तोही २०२३ मध्ये रद्द झाला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे. त्यामुळे मोबाइलवर कुणी "पैशाचं ब्लॅकजॅक" दाखवलं तर तिथे नियमांची तुलना करत बसू नका, ते बंद करा. हा लेख परवाना असलेल्या जागी, म्हणजे गोव्यात किंवा परदेशात, जाणाऱ्यांसाठी आहे.

दुसरी गोष्ट कराची. कॅसिनोतल्या चिप्सवर २२ सप्टेंबर २०२५पासून ४० टक्के जीएसटी आहे. तो चिप्स विकत घेताना भरलेल्या रकमेवर धरला जातो, आणि न खेळता चिप्स परत केल्या तरी ती रक्कम त्यातून वजा होत नाही. हा खर्च टेबलाच्या नियमांपेक्षा कितीतरी मोठा आहे. म्हणून खिडकीवर आधी विचारा: "इतके रुपये दिले तर हातात किती रुपयांच्या चिप्स येतील, आणि त्यातल्या किती रोख परत घेता येतात?" सुरुवातीलाच मोठी थप्पी घेऊ नका. पुढचे सगळे आकडे हा कर बाजूला ठेवून दिले आहेत, नाहीतर दोन टेबलांची तुलनाच होणार नाही.

तिसरी गोष्ट सरावाची. जांभळी नाक्यावरून पत्त्यांचे सहा सारखे कॅट आणा, जोकर काढून टाका आणि चिंचोके लावून शंभर हँड खेळा. आपल्याला ब्लॅकजॅक किती वेळा लागतो ते वहीत लिहा. शंभरात चार-पाच येतील, कधी दोन, कधी आठ. हा आकडा एकदा हाताने अनुभवला की पुढचा हिशेब पोटात उतरतो.

## १. उभं राहून वाचा

रिकामी खुर्ची दिसली की बसायचं, ही सवय आधी मोडा. टेबलामागे दोन मिनिटं उभं राहा. हिरव्या कापडावर कमानीत दोन ओळी छापलेल्या असतात. एका ओळीत ब्लॅकजॅकला किती पैसे मिळणार ते असतं: "थ्री टू टू" किंवा "सिक्स टू फाइव्ह". दुसरीत डीलर सतरावर काय करणार ते: "स्टँड ऑन ऑल सेव्हन्टीन्स", म्हणजे प्रत्येक सतरावर थांबणार, किंवा "हिट्स सॉफ्ट सेव्हन्टीन", म्हणजे सॉफ्ट सतरावर आणखी पत्ता घेणार. बाजूच्या छोट्या पाटीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त बोली असते.

कापड जुनं आणि पाटी नवी असेल तर त्या दोघींत फरक असू शकतो. अशा वेळी पाटी धरा, आणि डीलरला सरळ विचारा: "ब्लॅकजॅकला हजारावर किती देता?" उत्तर "पंधराशे" आलं तर तीनास दोन, "बाराशे" आलं तर सहास पाच. "हजार" असं उत्तर आलं तर तिथून निघा. प्रमाण विचारू नका, रुपये विचारा. प्रमाणात गोंधळ होतो, रुपयांत होत नाही.

तपासणी: दोन्ही ओळी आणि बोलीची मर्यादा वहीत किंवा मोबाइलवर लिहिली का? नसेल तर पुढच्या टेबलाकडे जाऊ नका. तीन टेबलं पाहिल्यावर पहिल्यावर काय होतं ते आठवत नाही.

## २. सहास पाचची किंमत काढा

दहा रुपये लावले आणि ब्लॅकजॅक लागला, तर तीनास दोनच्या टेबलावर पंधरा मिळतात आणि सहास पाचच्या टेबलावर बारा. फरक तीन रुपयांचा, म्हणजे बोलीच्या तीस टक्के. "सहा तिनापेक्षा मोठा" हा विचार इथेच फसतो, कारण खाली दोनऐवजी पाच आहेत.

हे किती वेळा घडतं? सहा कॅटच्या खेळात आपल्याला पहिल्या दोन पत्त्यांत ब्लॅकजॅक मिळण्याची शक्यता ४.७५ टक्के आहे, म्हणजे साधारण एकवीस हँडमध्ये एकदा. त्यातल्या दर बावीसमध्ये एकदा डीलरकडेही ब्लॅकजॅक असतो आणि बोली नुसती परत मिळते. ते वजा केलं तर जादा पैसे मिळायची वेळ ४.५३ टक्के हँडमध्ये येते. त्या प्रत्येक वेळी बोलीच्या ०.३ पट कमी मिळतात:

```
४.५३% × ०.३ = १.३६%
```

म्हणजे तुम्ही लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे एक रुपया छत्तीस पैसे या एका ओळीने जातात. चांगल्या नियमांच्या टेबलावर, अचूक खेळलं तर, घराचा, म्हणजे कॅसिनोचा, एकूण फायदाच ०.४ टक्क्याच्या आसपास असतो. ही एक ओळ त्याच्या तिपटीहून जास्त भर घालते.

हे लक्षात का येत नाही, ते नीट समजून घ्या. हे पैसे तुम्ही हरता तेव्हा जात नाहीत, जिंकता तेव्हा जातात. एक्का आणि राजा आला, बाजूचे लोक टाळी देतात, डीलर चिप्स पुढे सरकवतो, आपण खूश. त्या चिप्स पंधराशेऐवजी बाराशेच्या आहेत हे त्या क्षणी कुणी मोजत नाही, कारण हातात जिंकलेले पैसे आहेत. वजा झालेली चिप डोळ्यांसमोर असती तर कुणीही ओरडलं असतं.

इशारा: "एकाच कॅटचा खेळ" अशी पाटी पाहून धावू नका. कमी कॅट खेळणाऱ्याला फायद्याचे, हे खरं. पण सहाऐवजी एका कॅटचा फायदा अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे, आणि एका कॅटमध्ये सहास पाचचा तोटा १.३९ टक्के आहे. एका हाताने दिलेल्याच्या जवळजवळ तिप्पट दुसऱ्या हाताने काढून घेतात.

## ३. डीलरचा सॉफ्ट सतरा

सॉफ्ट सतरा म्हणजे एक्का अकरा धरून झालेला सतरा, उदाहरणार्थ एक्का आणि छक्की. पुढचा पत्ता मोठा आला तरी एक्का एक होतो आणि हात फुटत नाही.

इथली नेहमीची गैरसमजूत अशी: "डीलर आणखी पत्ता घेतोय, म्हणजे फुटण्याची शक्यता वाढली, आपला फायदा!" फुटण्याची शक्यता थोडी वाढते, हे खरंच आहे. पण सतरा हा डीलरसाठी वाईट हात आहे. आपण अठरा, एकोणीस, वीस घेऊन बसलो असू तर सतरावर थांबलेला डीलर हरलेलाच असतो. त्याला आणखी एक संधी मिळाली तर काय होतं ते मोजू.

एक्का-छक्कीवर पुढचा पत्ता एक्का, दुर्री, तिर्री किंवा चौकी आला तर डीलर थेट अठरा ते एकवीस. दहाच्या किमतीचा आला (दश्शी, गुलाम, राणी, राजा) तर पुन्हा सतराच, पण आता कडक, म्हणजे एक्का एक धरून झालेला. पाच ते नऊमधला आला तर बारा ते सोळा, आणि तिथून त्याला पुन्हा घ्यावं लागतं. शेवटपर्यंत मोजलं तर सॉफ्ट सतराच्या शंभर वेळांत तो साधारण २१ वेळा फुटतो, ३४ वेळा सतरावरच राहतो आणि ४५ वेळा अठरा ते एकवीसवर पोचतो. फुटण्यापेक्षा सुधारण्याच्या वेळा दुपटीहून जास्त आहेत.

सॉफ्ट सतरा रोज-रोज येत नाही, म्हणून एकूण तोटा सहास पाचपेक्षा लहान आहे: सहा कॅटच्या खेळात साधारण ०.२२ टक्के. तरी तो चांगल्या टेबलाच्या मूळ किमतीच्या निम्म्याहून जास्त होतो, म्हणून दुर्लक्ष करू नका.

क्रमाची चूक: बरेच जण वाचून-वाचून सॉफ्ट सतराच्या मागे लागतात आणि "डीलर थांबतो" हे पाहून सहास पाचच्या टेबलावर जाऊन बसतात. आधी पैशाची ओळ, मग सतराची. पैशाची ओळ नापास असेल तर सतराची वाचायचीही गरज नाही. सहा सॉफ्ट-सतरा मिळून एक सहास पाच होतो, असं लक्षात ठेवा.

## ४. उरलेले नियम, थोडक्यात

हे कापडावर छापलेले नसतात, विचारावे लागतात. पहिला प्रश्न: डीलर सुरुवातीला दोन पत्ते घेतो की एकच? भारतात आणि युरोपात काही टेबलांवर डीलर दुसरा पत्ता सगळ्यांचे खेळून झाल्यावर घेतो. तुम्ही डबल केलं किंवा जोडी फोडली आणि नंतर डीलरचा ब्लॅकजॅक निघाला, तर वाढवलेली बोलीही जाऊ शकते. याचा तोटा ०.११ टक्के. अशा टेबलावर डीलरसमोर दहा किंवा एक्का असेल तर अकरावर डबल करू नका आणि अठ्ठ्यांची जोडी फोडू नका.

जोडी फोडल्यावर डबल करू देत नसतील तर आणखी ०.१४ टक्के मोजा. बाकीचे बहुतेक नियम याहून लहान आहेत, त्यांच्यासाठी टेबल बदलण्याइतका फरक पडत नाही.

बाजूच्या छोट्या गोलात लावायच्या जोडीच्या किंवा तीन पत्त्यांच्या बोलीकडे मात्र पाहूच नका. तिथे घराचा फायदा मुख्य खेळाच्या कित्येक पट असतो, आणि तीनास दोन शोधण्यात वाचवलेलं सगळं त्या गोलात जातं.

## ५. बेरीज: दोन टेबलं समोरासमोर

आता शेजारच्या मुलाचाच हिशेब. चार तास, तासाला सत्तर हँड, म्हणजे २८० हँड. प्रत्येकी ₹१,०००. एकूण लावलेले ₹२,८०,०००. ऐकायला मोठं वाटतं, पण तेच पैसे फिरत असतात. खिशातून एवढे काढलेले नसतात.

पहिलं टेबल: तीनास दोन, डीलर सतरावर थांबतो, फोडल्यावर डबल चालतं. घराचा फायदा ०.४० टक्के. अपेक्षित खर्च ₹१,१२०.

दुसरं टेबल: बाकी सगळं तेच, पण सहास पाच आणि डीलर सॉफ्ट सतरावर घेतो. ०.४० + १.३६ + ०.२२ म्हणजे १.९८ टक्के. अपेक्षित खर्च ₹५,५४४.

पडताळा दुसऱ्या बाजूनेही करून बघा. २८० हँडमध्ये साधारण १३ ब्लॅकजॅक येतील, त्यातल्या १२-१३ला पैसे मिळतील, प्रत्येकी ₹३०० कमी. झाले साधारण ₹३,८००. टक्क्यांतून काढलेला आकडाही हाच येतो: २,८०,०००चे १.३६ टक्के म्हणजे ₹३,८०८. दोन वाटांनी एकच उत्तर आलं की समजा, हिशेब बरोबर आहे.

मग तो मुलगा म्हणाला, "पण मावशी, त्या रात्री मी नऊ हजार जिंकून आलो!" खरं आहे, येऊ शकतो. २८० हँडमध्ये नशिबाचा झोका साधारण एकोणीस हजार रुपयांचा असतो, वर किंवा खाली. त्या झोक्यात चार-साडेचार हजारांचा फरक बुडून जातो. एका रात्रीवरून टेबल चांगलं की वाईट हे कधीच ठरवता येत नाही, म्हणून तर नियम वाचून ठरवायचं. पहिल्या टेबलावर तेच पत्ते आले असते तर तो नऊऐवजी साधारण तेरा हजार घेऊन घरी आला असता.

सगळ्यात जास्त होणारी चूक: कमी बोलीच्या टेबलाला स्वस्त समजणं. सहास पाचच्या टेबलावर बोली पुष्कळदा कमी ठेवलेली असते, तेच आमिष. समजा तिथे ₹५०० चालतात आणि तीनास दोनच्या टेबलावर कमीत कमी ₹१,००० लागतात. पाचशेचे १.९८ टक्के म्हणजे हँडमागे ₹९.९०. हजाराचे ०.४० टक्के म्हणजे ₹४. निम्मी बोली लावून दुपटीहून जास्त किंमत मोजता. दोन्हींची किंमत सारखी व्हायला सहास पाचच्या टेबलावर बोली ₹२००च्या आसपास हवी.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. हजाराच्या टेबलावर झोकाही दुप्पट असतो. खिशात पंधरा हजारच असतील तर "स्वस्त" टेबलावर तुम्ही तासाभरात रिकामे होऊ शकता. किंमत कमी असणं आणि परवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीनास दोनचं टेबल परवडत नसेल तर सहास पाचच्या टेबलावर बसणं हा पर्याय नाही, त्या रात्री न खेळणं हा आहे.

## ६. नियमांप्रमाणे खेळ बदला

बेसिक स्ट्रॅटेजीचा तक्ता नेताना तो कोणत्या सतरासाठी आहे ते बघा. डीलर सॉफ्ट सतरावर घेत असेल आणि सुरुवातीला दोन पत्ते घेत असेल, तर सहा कॅटच्या खेळात तीन ठिकाणी फरक पडतो: डीलरच्या एक्क्यासमोर अकरावर डबल, दुर्रीसमोर एक्का-सत्तीवर डबल, छक्कीसमोर एक्का-अठ्ठीवर डबल. बाकी तक्ता जवळजवळ तोच.

आता एक बारीक पण सुंदर गोष्ट. तुमच्याकडे ब्लॅकजॅक आहे आणि डीलरचा एक्का दिसतोय. डीलर विचारतो, "इव्हन मनी?" म्हणजे आत्ताच बोलीइतके पैसे घ्या आणि सुटा. तीनास दोनच्या टेबलावर याला नाही म्हणा. डीलरचा ब्लॅकजॅक नसण्याची शक्यता साधारण ६९ टक्के, आणि ६९ टक्के वेळा दीडपट म्हणजे सरासरी १.०४ पट. हातात मिळणाऱ्या एकपटीपेक्षा जास्त.

सहास पाचच्या टेबलावर हेच गणित उलटतं. ६९ टक्के वेळा १.२ पट म्हणजे सरासरी ०.८३ पट. तिथे कुणी इव्हन मनी देऊ केलंच तर लगेच घ्या. बहुतेक देत नाहीत, आणि का देत नाहीत ते आता तुम्हाला कळलंच.

साधा इन्शुरन्स मात्र दोन्ही टेबलांवर नाकारा. सहा कॅटमध्ये त्या बोलीवर घराचा फायदा सात टक्क्यांच्या वर आहे.

## ७. खेळताना नजर कुठे ठेवायची

पहिल्या ब्लॅकजॅकला चिप्स मोजा. ₹१,०००वर ₹१,५०० मिळाले नाहीत तर पत्ते गोळा व्हायच्या आत बोला. पत्ते उचलले गेले की भांडण अवघड होतं.

बोली अशी लावा की मिळणारी रक्कम चिप्समध्ये बसेल. टेबलावर सगळ्यात लहान चिप ₹१००ची असेल आणि तुम्ही ₹७०० लावले, तर तीनास दोनने ₹१,०५० होतात. ते पन्नास कसे देणार ते आधी विचारा. खालच्या शंभरावर आणत असतील तर नेहमी ₹६००, ₹८००, ₹१,००० अशा सम शेकड्यांतच लावा.

आणि दर तासाला पाटीकडे एकदा बघा. गर्दी वाढली की बोलीची मर्यादा वाढते, कधी टेबल बंद करून दुसरं उघडतात आणि सगळ्यांना तिकडे बसवतात. नव्या टेबलावर खुर्ची ओढण्याआधी पहिली पायरी पुन्हा करा: उभं राहा, दोन्ही ओळी वाचा, हजारावर किती ते विचारा. आमच्या शेजारच्या मुलाच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. संध्याकाळी तो तीनास दोनच्याच टेबलावर बसला होता, आणि जेवून आल्यावर त्याच रांगेतल्या शेजारच्या टेबलावर, हजारावर किती ते न विचारता.